शाळेचा धडा आता मोबाईलवर ऐकायचा; पालकांनी नेमकं काय करायचं?

नागपूर : दर शनिवारी दुपारी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटांचा एक ध्वनिपाठ येईल, तो आठवडाभरात मुलाला दोनदा ऐकवा आणि मुलाचं उत्तर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून वर्गशिक्षकांना पाठवा. जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी पालकांसाठी अशी सूचना काढली आहे. सूचना छोटी आहे. पण घरात एकच मोबाईल आणि तोही दिवसभर वडिलांसोबत वावरात, अशी बऱ्याच घरांची परिस्थिती आहे. त्यामुळे रेकॉर्डिंग आलं तरी ते मुलाच्या कानापर्यंत पोचेलच असं नाही.

ऐकून शिकण्याचा प्रयोग नागपूरला नवा नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम लागायचा. विभागीय प्रशासन आणि ‘प्रथम’ संस्थेने तो सुरू केला होता. पण रेडिओची वेळ चुकली की धडा गेला. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मात्र रात्री जेवणं झाल्यावरही लावता येतं आणि समजलं नाही तर मागे नेऊन परत ऐकता येतं.

पालकांसाठी पाच पायऱ्या

1. शनिवारीच उतरवून घ्या. शिक्षकांनी माईकचं बटण दाबून केलेला व्हॉइस मेसेज आपोआप डाऊनलोड होतो. पण वेगळी ऑडिओ फाइल असेल तर काही मोबाईलमध्ये त्यावरचा बाण दाबावा लागतो. साध्या दर्जाची दहा मिनिटांची एमपी3 फाइल साधारण 5 एमबीची असते. तेवढ्याच वेळेच्या व्हिडिओला याच्या कितीतरी पट नेट लागतं. बरेच दिवस न उतरवलेली फाइल नंतर उघडत नाही, मग शिक्षकांना ती परत पाठवावी लागते.

2. तारा लावून ठेवा. मेसेजवर बोट दाबून धरलं की वर ताऱ्याचं चिन्ह दिसतं किंवा मेनूत तो पर्याय येतो. तारा लावला की ग्रुपवर कितीही मेसेज आले तरी धडा सापडतो.

3. मोबाईल मुलाच्या हातात देऊ नका, समोर ठेवा. खाटेवर किंवा पाटावर ठेवा. पहिली-दुसरीच्या मुलाजवळ घरचं कोणीतरी मोठं माणूस बसलेलं बरं.

4. ‘थांबा’ म्हटलं की खरंच थांबवा. धड्यात शिक्षक प्रश्न विचारून थांबायला सांगतात. तिथे रेकॉर्डिंग बंद करून मुलाला करू द्या आणि मग पुढे लावा.

5. मुलाचं उत्तर पाठवा. ग्रुपवर नाही, वर्गशिक्षकांच्या नंबरवर. माईकचं बटण दाबून धरा, मुलाला बोलू द्या, मग बोट सोडा. उत्तर चुकलं असेल तरी तसंच जाऊ द्या.

चुकलेलं उत्तरच कामाचं

शेवटची पायरी बऱ्याच घरी गडबडते. पोरगं चुकतंय असं दिसलं की आई-बाबा बरोबर उत्तर सांगून टाकतात आणि तेच शिक्षकांकडे जातं. मग मूल कुठे अडलंय हे शाळेला कळत नाही.

तिसरीचा वजाबाकीचा पाठ घ्या. गणित आहे 52 वजा 27. शिक्षक आधी काड्या आणायला सांगतात. झाडूच्या चालतील, तुराटीच्या तुकड्यांच्याही चालतील. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे बांधायचे आणि दोन काड्या सुट्या ठेवायच्या. झाले 52. आता 27 काढायचे, म्हणजे सात सुट्या काड्या हव्यात. पण सुट्या तर दोनच आहेत. इथे शिक्षक ‘थांबा’ म्हणतात. मुलाने एक गठ्ठा सोडायचा. दहा आणि दोन मिळून बारा सुट्या झाल्या. त्यातल्या सात काढल्या, पाच उरल्या. राहिलेल्या चार गठ्ठ्यांतून दोन काढले, दोन उरले. उत्तर 25.

पण मुलाने 35 सांगितलं तर? अशा वेळी बहुतेकदा मुलाने दोनातून सात जात नाहीत म्हणून उलटं केलेलं असतं. सातातून दोन वजा केले, पाच आले. मग पाचातून दोन वजा केले, तीन आले. म्हणजे वजाबाकी येते, पण गठ्ठा सोडायचा असतो हे कळलेलं नाही. ‘35’ ऐकूनच शिक्षकांना हा अंदाज येतो आणि सोमवारी त्या मुलाला परत गठ्ठे सोडायला बसवता येतं. घरून 25 सांगून पाठवलं असतं, तर ही अडचण झाकूनच राहिली असती.

त्यामुळे ज्या पालकांना लिहिता-वाचता येत नाही तेही हा पाठ घेऊ शकतात. काड्या मोजता आल्या की झालं. मुलाला एवढंच विचारायचं, ‘कसं केलंस, दाखव.’

आवाज अचानक बारीक झाला तर

व्हॉइस मेसेज चालू असताना मोबाईल कानाजवळ गेला किंवा वरचा भाग हाताने झाकला गेला, तर आवाज फोनवर बोलतानाच्या छोट्या स्पीकरमधून येऊ लागतो. पालकांना वाटतं रेकॉर्डिंगच खराब आहे. हात काढा आणि परत लावा.

मॅडम फार भरभर बोलत असतील, तर मेसेजजवळ 1.5× किंवा 2× लिहिलेलं दिसतंय का पाहा. त्यावर बोट लागलं की वेग वाढतो. 1× दिसेपर्यंत दाबत राहा. लागोपाठ दोन व्हॉइस मेसेज असतील, तर पहिला संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, तिथेही लक्ष ठेवा.

बटणांचा साधा मोबाईल असेल, तर शिक्षकांकडून एमपी3 फाइल मेमरी कार्डावर घ्या. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज वेगळ्या प्रकारचा असतो. तो तसाच कार्डावर टाकला तर बऱ्याच साध्या मोबाईलवर वाजत नाही.

एवढं लक्षात असू द्या

हा धडा ऐकायला कुठली लिंक उघडावी लागत नाही, ओटीपी द्यावा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. शाळेच्या नावाने कोणी ‘ॲप टाका’ म्हणून फाइल पाठवली आणि तिच्या नावाच्या शेवटी .apk असेल, तर ती उघडू नका, आधी शाळेत विचारा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

ऐकून सगळंच शिकता येत नाही. अक्षराचं वळण, भूमितीची आकृती, नकाशा हे डोळ्यांनी पाहून आणि हाताने काढूनच येतं. ध्वनिपाठ गोष्ट, कविता, पाढे, तोंडी गणित आणि इंग्रजी शब्दांचे उच्चार यांसाठी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मूल शाळेत आलं नाही तर ‘मोबाईलवर धडा झाला’ म्हणून हजेरी लागणार नाही, असंही सूचनेत सांगितलं आहे. धडा शनिवार-रविवारसाठी आहे, सोमवारी मूल वर्गात हवं.