शेकडा दोन म्हणजे किती?

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बायकांचे बचत गट आहेत. एका गटात साधारण १० ते २० जणी असतात. त्या ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात, बचत जमा करतात आणि जिला गरज असेल तिला त्यातूनच कर्ज देतात. अशा गटाच्या बैठकीत हिशोब कसा समजावून सांगतात, ते आपण एका उदाहरणातून पाहू या.

आधी बचत. समजा, गटात १२ जणी आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला १०० रुपये भरते. म्हणजे महिन्याला १२०० रुपये जमतात आणि दहा महिन्यांत १२,००० होतात. घरी तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे कधी खर्च होतात ते कळतही नाही. गटात मात्र भरलेली रक्कम लगेच पासबुकात लिहितात.

आता कर्ज. गटातल्या एका ताईंना शिलाई मशीन घ्यायचं आहे. त्यांना ६००० रुपये हवे आहेत. गट म्हणतो, "देऊ. व्याज शेकडा दोन. सहा महिन्यांत फेडा."

शेकडा म्हणजे शंभर. शेकडा दोन म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला दोन रुपये व्याज. शाळेच्या गणितात आपण 'द.सा.द.शे.' असं वाचतो. त्याचा अर्थ दर साल, दर शेकडा. तिथे व्याज वर्षाचं असतं, पण गटात ते महिन्याचं बोलतात. म्हणून गटाचे शेकडा दोन म्हणजे वर्षाचे २४ टक्के! दर ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: "महिन्याला की वर्षाला?"

जी रक्कम कर्ज म्हणून घेतली, तिला मुद्दल म्हणतात. आपल्या ताई दर महिन्याला १००० रुपये मुद्दल परत करतात आणि त्याबरोबर व्याज देतात. पहिल्या महिन्यात ६००० रुपयांवर १२० रुपये व्याज होतं. पुढच्या महिन्यात ५००० रुपयेच बाकी राहतात, म्हणून व्याज १०० रुपये. मग ८०, ६०, ४० आणि शेवटी २० रुपये. एकूण व्याज झालं ४२० रुपये.

काही ठिकाणी मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६००० रुपयांवरच व्याज लावतात. मग दर महिन्याला १२० रुपये, म्हणजे सहा महिन्यांत ७२० रुपये जातात. दर तोच, शेकडा दोन, पण ३०० रुपये जास्त गेले. म्हणून दुसरा प्रश्न: "व्याज कशावर? पूर्ण रकमेवर की बाकी मुद्दलावर?"

एखाद्या महिन्यात हप्ता चुकला तर? समजा, तिसऱ्या महिन्यात मुलगा आजारी पडला आणि ताईंनी फक्त ८० रुपये व्याज भरलं. मुद्दल ४००० तसंच राहिलं. म्हणून चौथ्या महिन्यात पुन्हा ८० रुपये व्याज आलं. कर्ज एक महिना लांबलं आणि एकूण व्याज ४२० ऐवजी ५०० रुपये झालं. एखाद्या वेळी असं चालतं. पण दर महिन्याला असंच झालं, तर पैसे जात राहतात आणि कर्ज तेवढंच राहतं.

समजा, गावातला सावकार शेकडा पाच घेतो. त्याच्याकडून घेतलेल्या ६००० रुपयांवर महिन्याला ३०० रुपये व्याज होतं. नुसतं व्याज भरत राहिलं तर सहा महिन्यांत १८०० रुपये जातात आणि तरी ६००० रुपये द्यायचे बाकीच! कर्ज खरंच फिटतंय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. पासबुकात 'बाकी मुद्दल' हा आकडा बघायचा. तो दर महिन्याला कमी झाला पाहिजे.

आणखी एक फरक आहे. सावकाराला दिलेलं व्याज त्याच्या खिशात जातं. ताईंनी वेळेवर हप्ते भरले, तर त्यांचे ४२० रुपये गटाच्या पेटीत येतात. बाराजणींत वाटले तर प्रत्येकीचे ३५ रुपये होतात, आणि त्यात ताईंचेही ३५ असतात. पण गटाकडे जमले आहेत तेवढेच पैसे देता येतात. कुणाला २०,००० रुपये हवे असतील, तर या गटाला ते एकट्याने जमणार नाही. मग गट बँकेकडे कर्ज मागतो. तेव्हा बँक गटाच्या वह्या बघते: बैठका वेळेवर होतात का, बचत नियमित आहे का, कर्ज परत येतं का?

आता तुम्ही करून बघा: गटाने एका काकूंना ३००० रुपये शेकडा दोन दराने दिले. त्या दर महिन्याला १००० रुपये मुद्दल आणि बाकी मुद्दलावरचं व्याज देतात. तीन महिन्यांत एकूण व्याज किती होईल?

उत्तर: ६० + ४० + २० = १२० रुपये.