हुक डोक्याच्या वर

इमारतीच्या बाहेरून प्लास्टर चाललंय. गवंडी परांचीच्या ज्या फळीवर उभा आहे, तिथून जमीन 15 फूट खाली. अंगात सेफ्टी बेल्ट आहे, दोरीचा हुकही अडकवलेला आहे, पण पायाजवळच्या पाइपला. हा माणूस पडला तर बेल्ट असूनही जमिनीवर आदळू शकतो. सकाळच्या सूचनेत कामगारांना सगळ्यात आधी हे पटवायला हवं, आणि निम्म्यांना वाचता येत नसेल तर भिंतीवरच्या पाटीचा काही उपयोग नाही.

हिशेब असा. दोरी साधारण 6 फूट. तिच्यातली धक्का शोषणारी घडी झटक्याने उसवते आणि आणखी जवळजवळ 6 फूट लांबते. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत 5 फूट. वर 3 फूट मोकळी जागा राखायची. म्हणजे हुकाच्या खाली 20 फूट हवेत. इथे आहेत 15.

कामगारांपुढे हे आकडे नकोत, हात पसरून दाखवावं. मुकादमाने असं बोलावं:

“दोन्ही हात पसरा. ही झाली एक वाव. दोरी एक वाव. पडलात की घडी उसवते, आणखी एक वाव. खाली लोंबणारं तुमचं अंग जवळजवळ एक वाव. वर अर्धी वाव मोकळी हवी. आता खाली बघा, एवढी जागा आहे का? नाही. म्हणून हुक डोक्याच्या वर, इमारतीला पक्क्या केलेल्या कडीलाच. परांचीच्या कठड्याला नाही. जागा बदलताना दुसरा हुक आधी लावा, मगच पहिला काढा.”

हुक पावलांपासून 7 फुटांवर गेला की त्याच्याखाली 22 फूट मिळतात. शिवाय दोरी फारशी सैल राहत नाही, त्यामुळे पडणंच थोडक्यात थांबतं, धक्काही कमी बसतो.

“समजलं का?” असं विचारू नये; मान सगळेच हलवतात. दोघातिघांना पुढे बोलावून बेल्ट घालायला आणि हुक लावायला सांगावं. मांडीचा पट्टा ढिला असेल तर तो तिथेच दिसतो. मराठी न कळणाऱ्याला त्याच्या भाषेतल्या सोबत्याने समजवावं आणि त्यानेही करून दाखवावं.

शेवटचं सांगणं वाचलेल्या माणसाबद्दल: “कोणी लटकला तर ओरडा, पण एकट्याने ओढू नका. लटकलेल्याने पाय हलवत राहायचं.” पट्ट्यांत निश्चल लटकलं की पायांत रक्त साठतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून त्याला खाली कसं आणायचं आणि कोणी, हे काम सुरू होण्याआधीच ठरलेलं असावं. ते ठरलं नसेल, तर मुकादमाने त्या दिवशी कोणालाही वर चढवू नये.