सोळा किलोबिटांत तासभर मराठी

शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळूरमध्ये मराठी घरं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कन्नडच्या शेजारात राहून त्यांची बोली वेगळ्याच वळणाची झाली आहे. ती सहज बोलणाऱ्या आजी-आजोबांच्या गप्पा मी ध्वनिमुद्रित करते. त्या ऐकणारे नातेवाईक बेळगावकडच्या खेड्यांत असतात. त्यांचे फोन स्वस्तातले आणि मेमरी कार्डं भरत आलेली. त्यामुळे फाइल लहान हवी, पण शब्द मात्र स्पष्ट कळायला हवा.

एका तासाची मूळ मोनो डब्ल्यूएव्ही फाइल, 48 किलोहर्ट्‌झ आणि 16 बिट, सुमारे 346 एमबी होते. तीच 64 केबीपीएसच्या एमपी3मध्ये 29 एमबी होते. आणखी दाबायला म्हणून एमपी3 24 केबीपीएसवर नेली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळ करू लागतो, आणि ‘ट’, ‘प’ यांच्या आधीच एक धूसर फुसफुस ऐकू येते. एमपी3 घडली संगीतासाठी. कानाला काय ऐकू येणार नाही ते वगळणं हे तिचं तंत्र आहे. इतक्या कमी बिटांत वगळण्यासारखं काही उरतच नाही, मग ऐकू येणारंही कापलं जातं.

जुन्या फोनमधली एएमआर खास बोलण्यासाठीच बनली होती. 12.2 केबीपीएसला तासाची फाइल अवघी साडेपाच एमबी होते. पण ती आवाजाचे सेकंदाला आठ हजारच नमुने घेते, त्यामुळे 4 किलोहर्ट्‌झच्या वरचं काहीच उरत नाही, आणि ‘स’चा जोर नेमका त्याच्या वर असतो. मराठीत हे फार बोचतं. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च यांतला फरक याच वरच्या पट्टीतल्या घर्षणावर बराचसा अवलंबून आहे. बोली टिपायची असेल तर तो फरक गमावून चालणार नाही.

ओपस 2012 साली आयईटीएफने प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात दोन यंत्रणा एकत्र आहेत. स्काइपकडून आलेली सिल्क घसा आणि तोंड आवाज कसा घडवतात याचं गणित मांडून बोलणं साठवते. सेल्ट ही संगीतासाठीची. दर पुरेसा असला की ओपस खालची पट्टी सिल्ककडे आणि वरची सेल्टकडे देते. एका आजींच्या तासाभराच्या गप्पा मी 16, 12 आणि 8 केबीपीएसवर करून पाहिल्या. 16ला ‘स’ आणि ‘श’ अगदी वेगळे ऐकू आले, फाइल सव्वासात एमबीच्या आसपास. 12ला पट्टी 8 किलोहर्ट्‌झपर्यंत येते, आवाज किंचित बंदिस्त वाटतो, पण एकही शब्द सुटत नाही. 8ला मात्र तीही एएमआरसारखीच 4 किलोहर्ट्‌झवर येऊन थांबते. कानांवर भरवसा नसेल तर स्पेक्ट्रोग्राम पाहावा. वरचा भाग एका रेषेवर कापल्यासारखा काळा दिसतो.

माझी आज्ञा अशी:

```
ffmpeg -i gappa.wav -ac 1 -c:a libopus -b:a 16k -application voip -frame_duration 60 gappa.opus
```

मूळ फाइल स्टिरिओ असेल तर `-ac 1` विसरू नये, नाहीतर एकाच माणसाच्या आवाजावर स्टिरिओचे बिट वाया जातात. शेवटच्या 60 या आकड्याने ध्वनीचे 60 मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. नेहमीच्या 20च्या तुकड्यांत प्रत्येकामागे थोडी नोंद ठेवावी लागते, आणि दर इतका कमी असताना तीही जाणवण्याइतकी असते. लांब तुकड्यांनी ध्वनी थोडा उशिरा पोचतो. फोनवरच्या संभाषणात ते खपणार नाही, साठवलेल्या फाइलचं त्याने काहीच बिघडत नाही.

दोन ठिकाणी मात्र 16 केबीपीएस पुरत नाहीत. डोक्यावर पंखा घरघरत असेल तर बिट त्या घरघरीवरही खर्च होतात. म्हणून मी ध्वनिमुद्रणाआधीच पंखा बंद करायला सांगते. आणि आजी मधेच ओवी गाऊ लागल्या की 16 केबीपीएसला सूर खरबरीत होतो. तेवढा भाग मी वेगळा काढून 32वर ठेवते.

व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज आधीच ओपसमध्ये असतो. तो पुन्हा दाबू नये, दर वेळी आणखी काहीतरी गळतं. जुन्या एएमआर फाइलीही तशाच ठेवाव्यात. त्यांतून गेलेला ‘स’ ओपस परत आणू शकत नाही.

कीपॅडचे फोन आणि गाडीतले जुने पेनड्राइव्ह प्लेअर ओपस सहसा वाजवत नाहीत. अशा घरी मी 48 केबीपीएसची मोनो एमपी3 पाठवते, तिप्पट जागा गेली तरी. बाकी सगळ्यांना 16ची ओपस. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपत असाल तर हाच दर धरा. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र पुसू नका, ती वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि प्रत्येक छोटी प्रत तिच्यातूनच काढा.