जावं की जातो?

कॉलेजचा फेस्ट संपला की नाचणारे घरी जातात आणि हिशेबवाले अडकतात. आमच्या वर्षी मांडव, साउंड, ट्रॉफ्या अशी सगळी बिलं जमवून इंग्रजीत रिपोर्ट लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यात मी एक ऐटबाज वाक्य टाकलं, 'वी इन्सिस्टेड दॅट द ट्रेझरर साइन्ड एव्हरी बिल.' खजिनदाराने प्रत्येक बिलावर सही करावी असा आमचा आग्रह होता, एवढंच मला म्हणायचं होतं. सरांनी फाइल चाळली, दोन बिलं बाजूला काढली आणि विचारलं, ''यांवर सही कुठेय? तू तर लिहिलंयस, त्याने प्रत्येक बिलावर सही केलीच होती म्हणून!''

मी वाद घालायला लागले तर ते म्हणाले, ''साइन्डमधला शेवटचा 'ड' काढ, मग बोल.''

खरंच, सगळा घोळ त्या एका 'ड'चा होता. 'इन्सिस्ट' या क्रियापदाची दोन तोंडं आहेत. एक मागणी करतं, अमुक व्हावं असा आग्रह धरतं. दुसरं ठासून सांगतं की अमुक घडलंय, कोणी काही म्हणो. मागणी असेल तर पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'इन्सिस्टेड दॅट ही साइन'. दावा असेल तर ते नेहमीसारखं काळाप्रमाणे बदलतं: 'इन्सिस्टेड दॅट ही साइन्ड'. यातल्या पहिल्या रूपाला सबजंक्टिव्ह म्हणतात.

नाव ऐकून घाबरू नका, मराठीत आपण हे रोज करतो. शाळेतला विध्यर्थ आठवतोय? 'त्याने जावं असा माझा आग्रह आहे' आणि 'तो जातोच, असं मी ठामपणे सांगतो' यांत आपली कधी गल्लत होत नाही. म्हणून शंका आली की वाक्य मनात मराठीत म्हणून बघायचं. 'जावं' आलं तर 'गो', 'जातो' आलं तर 'गोज'. 'आय इन्सिस्ट दॅट ही गो टू प्रॅक्टिस' म्हणजे त्याने प्रॅक्टिसला जावंच. 'आय इन्सिस्ट दॅट ही गोज टू प्रॅक्टिस' म्हणजे तो जातो हो, तुम्ही उगाच त्याच्यावर आळ घेताय!

'रेकमेंड'चं तसं नाही. शिफारस ही कायम 'व्हावं'चीच असते, त्यामुळे तिथे 'गोज' लिहिलं तरी अर्थ पालटत नाही. ब्रिटिश इंग्रजीत 'आय रेकमेंड दॅट ही गोज' सर्रास चालतं. अमेरिकन वाचकाला मात्र ते खटकतं, त्याला 'गो'च हवं. फाउलरने 1926 साली आपल्या प्रसिद्ध कोशात सबजंक्टिव्ह मरणपंथाला लागल्याचं म्हटलं होतं, पण अमेरिकेत त्याची तब्येत अजून ठणठणीत आहे. तिकडच्या युनिव्हर्सिटीला अर्ज पाठवताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

मूळ रूपाच्या दोन खोडी आहेत. वाक्य भूतकाळात गेलं तरी ते हलत नाही: 'शी रेकमेंडेड दॅट ही गो'. आणि नकार असेल तर 'डू-डझ' लागत नाही, नुसतं 'नॉट' पुढे येतं: 'आय रेकमेंड दॅट ही नॉट गो'. कानाला विचित्र वाटतं, मान्य आहे. पण बरोबर आहे. 'इज'च्या जागी 'बी' येतं तेही याच न्यायाने: 'वी रेकमेंड दॅट शी बी गिव्हन द स्कॉलरशिप'.

आता पंचाईत कुठे होते बघा. 'वी इन्सिस्ट दॅट दे साइन एव्हरी बिल'. 'दे'बरोबर वर्तमानकाळातलं साधं रूपही 'साइन'च असतं. मग ते सह्या करतात, की त्यांनी कराव्यात? मराठीत तुमच्या मनात 'कराव्यात' असेलही, पण वाचणाऱ्याला ते कळायला काही मार्ग नाही. अशा वेळी सरळ 'शुड' घालावं: 'वी इन्सिस्ट दॅट दे शुड साइन'. 'शुड' ब्रिटिश वळणाचं आहे, पण आपल्याकडे सवयीचं, आणि अर्थ तर स्वच्छ. काही जणांना ते पुळचट वाटतं. मला तर हिशेबाच्या कागदावर पुळचट पण स्पष्ट वाक्य कधीही चालेल.

मी 'ड' खोडला आणि रिपोर्ट पुन्हा प्रिंट केला. सरांनी वाक्य वाचून मान डोलावली, मग ती दोन बिलं माझ्याकडे सरकवली. ''आता खजिनदाराला शोधून आण.''