हाकेला ‘ओ’ द्यावी कशी?

मराठीत हाकेला ‘ओ’ देतात. अंगणातून कुणी ‘अहो आबा’ म्हणून हाक घातली की माजघरातून आबा नुसते ‘ओ’ म्हणतात, आणि मग हाक मारणारा आपले काम सांगतो. त्या ‘ओ’चा अर्थ एवढाच, की ‘माझे कान तुझ्याकडे आहेत, आता बोल.’ ‘ओ’ आली नाही, तर तो पुन्हा हाक मारतो.

टेलिफोनवरही हेच चालते. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सुमारे पाचशे संभाषणांचे आरंभ तपासून १९६८ साली एक निबंध लिहिला. बहुतेक ठिकाणी फोन उचलणाराच आधी बोलत होता. एकाच ठिकाणी फोन उचलला गेला, पलीकडे क्षणभर शांतता राहिली आणि फोन करणाऱ्यानेच ‘हॅलो’ म्हटले. या एका अपवादावरून शेग्लॉफने ताडले, की घंटी ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचा ‘हॅलो’ ही ‘ओ’ आहे. ‘ओ’ न आल्यामुळे त्या माणसाने दुसरी हाक मारली होती, इतकेच.

आता मोबाइलवर येणारे ‘नमस्कार’ आणि दोन मिनिटांनी येणारे ‘आहात का?’ पाहा. हा उतावळेपणा आहे असे आपण समजतो. खरे तर ती दुसरी हाक आहे. मात्र येथे एक मोठा फरक पडतो. माजघरातली ‘ओ’ त्याच क्षणी ऐकू जाते. मोबाइलवरची ‘ओ’ तासाभराने पोचली, तर हाक मारणारा तोवर अंगणातून निघून गेलेला असतो. व्हॉट्सॲपच्या दोन करड्या खुणांनीही फसू नये. निरोप यंत्रापर्यंत पोचला, एवढेच त्या सांगतात. माणसापर्यंत पोचला असे नव्हे.

आमच्या विभागातल्या एका बाईंना एका विद्यार्थिनीने सकाळी १०.१० ला ‘नमस्कार मॅडम’ लिहिले आणि १०.१२ ला ‘मॅडम, आहात का?’ बाई तासावर होत्या. ११ वाजता त्यांनी उत्तर दिले : ‘हो, बोल.’ तोवर मुलगी एस.टी.त बसली होती आणि वाटेत रेंज नव्हती. १२.३० ला तिने लिहिले, ‘थोडं काम होतं.’ तेव्हा बाई पुन्हा तासावर. १.३० ला त्यांनी विचारले, ‘काय काम?’ मुलीचे उत्तर आले २.१५ ला : शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही हवी होती, आज शेवटची तारीख. कचेरीची खिडकी दोनला बंद झाली होती. चार तासांत सहा निरोप झाले, आणि कामाची गोष्ट निघाली ती अगदी शेवटी.

‘हो, बोल’ हे उत्तर सौजन्याचे खरे. पण त्याने चेंडू परत गेला आणि वेळ मात्र हातून निसटली. ११ वाजता बाईंनी असे लिहिले असते तर?

‘आहे. १२ ते १ माझा तास आहे. काय काम आहे ते पूर्ण लिहून ठेव. शेवटची तारीख असेल तर ती आधी लिही. एकला वाचते.’

मुलीने १२.३० ला सगळे लिहिले असते. बाईंनी एकला वाचून सही केली असती आणि खिडकी बंद व्हायला तासभर उरला असता. या उत्तरात तीन गोष्टी आहेत : मी आहे, केव्हापर्यंत आहे, आणि तुझे काम आत्ताच सांग. पहिली गोष्ट वगळू नये. ती वगळून थेट ‘काम काय?’ विचारले, तर माणसाला दारातच अडवल्यासारखे वाटते. दुसरी वगळली, तर तो ताटकळत बसतो.

हे उत्तर सर्वांना मात्र चालत नाही. गावाहून मावशी ‘आहेस का रे?’ लिहिते, तेव्हा तिचे काम बहुधा नसतेच. हाक हाच तिचा निरोप. तिला ‘काम लिहून ठेव’ म्हणणे म्हणजे उंबऱ्यावरून परत पाठवणे. ‘आहे गं मावशी, संध्याकाळी फोन करतो,’ असे लिहावे आणि तो खरोखर करावा. एरवी कधी न लिहिणारा स्नेही रात्री बाराला ‘जागा आहेस का?’ विचारतो, तेव्हा अक्षरे जुळवीत बसू नये. सरळ फोन लावावा.

आणि ओळखीच्या नावाने ‘आहात का?’ येऊन लगेच आपल्या फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक कुणी मागितला, तर तो मुळीच देऊ नये. हाक ओळखीची असली, तरी मारणारा वेगळा असू शकतो. त्या क्रमांकाच्या जोरावर आपले व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात जाते. अशा वेळी स्नेह्याला फोन करून त्याचा आवाज ऐकावा, मगच पुढे बोलावे.