वेबसाइटच्या मागे कोण उभं आहे?

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी व्याख्यान चालू होतं. ग्रंथपालबाईंनी पडद्यावर minimumwage.com उघडली. किमान वेतन वाढवल्यावर नोकऱ्या कशा कमी होतात, हे सांगणारे लेख आणि अहवाल तिथे नीटनेटके मांडलेले होते. निबंधासाठी हा संदर्भ घ्यावा का, असं त्यांनी विचारलं.

विद्यार्थी ‘आमच्याविषयी’ या पानावर गेले. ही साइट एम्प्लॉयमेंट पॉलिसीज इन्स्टिट्यूट या ना-नफा संशोधन संस्थेचा प्रकल्प असल्याचं तिथे लिहिलं होतं. बहुतेकांचं समाधान झालं. पण ही संस्थेने स्वतःच करून दिलेली स्वतःची ओळख आहे, याकडे बाईंनी लक्ष वेधलं. त्यांनी साइट तशीच ठेवून शेजारी नवा टॅब उघडला आणि सर्चमध्ये टाइप केलं:

```
"Employment Policies Institute" funding -site:minimumwage.com
```

अवतरणचिन्हांमुळे नेमकं तेच नाव शोधलं जातं आणि शेवटच्या भागामुळे त्या साइटची स्वतःची पानं गळतात. ही अवतरणचिन्हं इथे फार महत्त्वाची, कारण इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट नावाची वेगळीच संस्था आहे. तिचंही लघुरूप ‘ईपीआय’च, आणि किमान वेतनाबद्दल तिची भूमिका अगदी उलट. घाईत वाचणारा इथेच फसतो.

पहिल्याच दुव्यावर न धावता बाईंनी निकालांची यादी खालपर्यंत नजरेखालून घातली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ची 2014 ची बातमी निवडली. बातमीदार संस्थेच्या वॉशिंग्टनमधल्या पत्त्यावर गेला, तेव्हा दारावर पाटी होती बर्मन अँड कंपनीची. ही जनसंपर्क कंपनी, आणि रेस्टॉरंट उद्योग तिचा ग्राहक. संस्थेकडे स्वतःचा एकही कर्मचारी नव्हता. वेतनवाढीचा बोजा ज्यांच्यावर पडतो, त्यांचंच काम करणारी कंपनी या ‘संशोधना’मागे होती. मूळ साइट कितीही बारकाईने वाचली असती, तरी हे सहज कळलं नसतं.

साइट सोडून तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते पाहण्याच्या या पद्धतीला ‘लॅटरल रीडिंग’ म्हणतात. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 2017 मध्ये 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 विद्यार्थी वेबसाइट कशा पारखतात, हे पाहिलं. डॉक्टरेट असलेले इतिहासतज्ज्ञही देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावाला भुलले. तपासनीस मात्र क्षणभर पान पाहून लगेच नव्या टॅबकडे वळत, आणि कमी वेळात बरोबर निष्कर्षाला पोचत.

मग हे अहवाल खोटेच मानायचे का? तसं नाही. पैसा कुणाचा हे कळल्याने आकडे चुकीचे ठरत नाहीत. ते स्वतंत्र अभ्यासांशी ताडूनच पाहावे लागतात. निबंधात हा संदर्भ जरूर वापरावा, पण संस्थेच्या नावापुढे तिचा रेस्टॉरंट उद्योगाशी असलेला संबंधही त्याच वाक्यात लिहावा.