आधी वेळ धरा, विषय मागाहून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिमाही आढावा घ्यायचा आहे. लंडनच्या ग्राहकाकडून कोण बसणार ते ठरलेले नाही, चर्चेचे मुद्देही कच्चे आहेत. पण पुण्यातल्या संचालकांचे कॅलेंडर भराभर भरत चालले आहे. अशा वेळी प्रोजेक्ट मॅनेजर ज्यांच्यावाचून बैठकच होणार नाही, अशा दोघा-तिघांनाच निमंत्रण पाठवते: ‘HOLD: तिमाही आढावा, मंगळवार दुपारी ४.३०’.

आउटलुकमध्ये ती Show As या खान्यात Tentative निवडते. मग ती वेळ पूर्ण रंगाऐवजी तिरप्या रेघांनी दिसते. गुगल कॅलेंडरमध्ये Busy आणि Free एवढेच पर्याय असल्याने तिथे शीर्षकातला HOLD हाच काय तो इशारा.

खरे काम मजकुराच्या दोन ओळी करतात: ‘वेळ तूर्त राखून ठेवली आहे. मुद्दे आणि उपस्थितांची नावे शुक्रवारपर्यंत कळवते, नाहीतर ही वेळ मोकळी करते.’ तारीख नसलेले होल्ड महिनोन्‌महिने कॅलेंडरात लोंबकळतात आणि मग लोक सरळ त्यांच्यावरच दुसऱ्या बैठका टाकतात.

शुक्रवारी सगळे ठरले, की तेच निमंत्रण उघडून शीर्षक बदलायचे, Busy करायचे, उरलेल्यांना जोडायचे. नवे पाठवले तर जुने तसेच राहते आणि एकाच बैठकीच्या दोन नोंदी दिसतात.

ऑक्टोबरअखेर ब्रिटनमधली घड्याळे तासभर मागे जातात, हेही ध्यानात हवे. तोवर पुण्याच्या साडेचारला लंडनमध्ये दुपारचे बारा वाजतात, नंतर अकरा. तिथल्या माणसाला फोनवर तोंडी ‘बारा’ सांगितले असेल, तर घोटाळा ठरलेलाच.